शेकडा कशावर

मालवणातल्या एका हायस्कुलाच्या वाचनालयात एप्रिलमध्ये उत्तरपत्रिका तपासण्याचे काम चालू होते. सावंतवाडीजवळच्या एका निवासी शाळेची ही प्रवेश परीक्षा. आठवी झालेली मुले बसतात आणि निवड झालेल्यांचा दहावीपर्यंतचा राहण्या-शिकण्याचा खर्च शाळेचा ट्रस्ट करतो. गणिताचे गठ्ठे तिघांकडे होते. संचिता राणे आणि रविराज तांडेल हे तपासनीस. कौस्तुभ प्रभू मुख्य परीक्षक.

चौदा ते एकोणीस हे प्रश्न नफा-तोटा, सूट आणि चक्रवाढ व्याजाचे होते. तिथे मुले कुठे घसरतात हे संचिताला पाठ होते. वीस टक्के सूट देऊन उरलेल्या किमतीवर आणखी दहा टक्के सूट दिली तर एकूण सूट किती, असे विचारले की निम्मी मुले तीस लिहितात. दुसरी सूट मूळ किमतीवर नसते, पहिल्या सुटीनंतर उरलेल्या ऐंशीवर असते. ऐंशीचे दहा टक्के आठ, म्हणून एकूण अठ्ठावीस. दहा हजारांवर दहा टक्क्यांनी दोन वर्षांचे चक्रवाढ व्याज दोन हजार लिहिणारेही पुष्कळ. दुसऱ्या वर्षीचे व्याज अकरा हजारांवर काढायचे हे ते विसरतात. खरे उत्तर दोन हजार शंभर. अशा उत्तरांखाली ती लाल पेनाने एकच शब्द लिहायची : 'कशावर?'

त्या दिवशी तिच्या हाती तीन उत्तरपत्रिका लागोपाठ आल्या. बैठक क्रमांक सलग होते. नावे त्यांवर नव्हतीच.

चौदावा प्रश्न : वस्तू आठशेला घेतली, हजाराला विकली, शेकडा नफा किती? उत्तर पंचवीस. तिघांनीही वीस लिहिले होते.

पंधरावा : पाचशेला घेतली, चारशेला विकली, शेकडा तोटा किती? उत्तर वीस. तिघांचेही पंचवीस.

सतरावा : छापील किंमत बाराशे, विक्री नऊशे साठ, शेकडा सूट किती? उत्तर वीस. तिघांचेही पंचवीस.

एकोणिसाव्यावर ती थांबली. दहा टक्के चक्रवाढ दराने दोन वर्षांत रास बारा हजार शंभर झाली, तर मुद्दल किती? उत्तर दहा हजार. पहिल्या उत्तरपत्रिकेत नऊ हजार आठशे एक. दुसरीत नऊ हजार आठशे एक. तिसरीत नऊ हजार आठशे अकरा.

"प्रभू सर, जरा बघता?"

प्रभू उठून आले. गठ्ठ्यावरून मान न उचलता तपासणाऱ्यांतले ते होते. वीस वर्षे परीक्षा घेतल्या, पण कुणावर आवाज चढवल्याचे कुणी ऐकले नव्हते. त्यांनी तिन्ही उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडल्या.

"नऊ हजार आठशे एक," ते म्हणाले. "हा आकडा काय कुणाच्या मनात आपणहून येत नाही."

"येतो, सर. बारा हजार शंभरातून दहा टक्के वजा केले. दहा हजार आठशे नव्वद. त्यातून परत दहा टक्के, म्हणजे एक हजार एकोणनव्वद. उरले नऊ हजार आठशे एक. दहा टक्के मुद्दलावर चढले होते, यांनी ते रासेवरून उतरवले."

"ते कळलं. पण तिघांनी?" त्यांनी नियमांचा कागद काढला. "सलग क्रमांकांत तीन किंवा अधिक चुकीची उत्तरं जुळली तर उत्तरपत्रिका बाद. कारण समाधानकारक असल्यास मुख्य परीक्षकानं ते नोंदवावं. कारण आहे?"

"तिसऱ्याचं आठशे अकरा आहे. हातचा द्यायचा राहिला. नक्कल केली असती तर आकडा उचलला असता."

"किंवा पायरी उचलली आणि वजाबाकी आपली केली."

संचिताने गुणांची बेरीज केली. पहिला आणि तिसरा साठीच्या आतबाहेर होते. त्यांची निवड तशीही होणार नव्हती. मधल्या उत्तरपत्रिकेला, ही चार उत्तरे चुकून, शंभरात चौऱ्यांशी पडत होते. गेल्या वर्षी एकोणऐंशीला यादी संपली होती.

भूमितीचे पान तिने पुन्हा पाहिले. स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. अशा मुलाने शेजारच्या साठवाल्याचे कशाला बघावे?

"साठवाल्यांनी मधल्याचं बघितलं असेल," प्रभू म्हणाले. तिच्या मनातले त्यांनी ओळखले होते. "पण कुणी कुणाचं बघितलं हे नियम विचारत नाही. दाखवणं हीसुद्धा नक्कलच."

दुपारच्या सुट्टीत संचिताने रविराजला गाठले. तो मूळचा इथलाच, घरात होडी होती. संचिता खारेपाटणच्या वरच्या अंगाची. घरी भात आणि काजू. मासळीचा व्यवहार तिने गिऱ्हाईक म्हणूनच पाहिला होता.

"अठरावा प्रश्न बघितलास?" तिने विचारले. "पाच हजारांची विक्री, सहा टक्के दलाली. तिघांनी तीनशे लिहिलंय. पायरी नाही, काही नाही. नुसतं उत्तर, आणि बरोबर."

रविराज डबा उघडता उघडता थांबला. "बैठक क्रमांक कुठल्या केंद्रावरचे?"

"किनाऱ्यावरचे."

"चल माझ्याबरोबर. तशीही मावशीकडून मासळी घ्यायचीय."

बंदराच्या वाटेवर विमलामावशी प्लॅस्टिकच्या ताटावर बांगडे मांडून बसली होती. डोक्यावर ओला टॉवेल. सकाळचा माल बहुतेक संपला होता.

"इलंस रे बाबू? माका वाटला मास्तर झाल्यार मासे खाणा सोडलंस," ती म्हणाली. "आणि ह्या बाय कोण? तुझ्या आवशीक म्हायत आसा मा?"

"मावशे, ह्यो शाळेतल्यो मॅडम. तेंका वायच विचारूचा आसा."

"इचारा, इचारा. इचारूक पैशे पडनत नाय. बांगड्याक पडतत."

संचिताने विचारले, "मावशी, आजच्या बांगड्यांत शेकडा किती सुटले?"

"वीस," मावशी क्षणभरही न थांबता म्हणाली.

"टोपली कितीला घेतलीत?"

"सोळाशे. लिलावात चढली जल्ली, नायतर चौदाशाची होती."

"आणि विकलीत?"

"दोन हजार झाले. चारशे सुटले. दोन हजारात चारशे, शेकडा वीस. तुमी शाळेत शिकवतास ना ह्या?"

"आम्ही पंचवीस म्हणतो, मावशी. सोळाशेवर चारशे."

मावशीने रविराजकडे पाहिले. "सोळाशे खंय आसत आता? ते गेले दलालाक. माझ्या पिशयेत दोन हजार आसत. जे आसत तेतूरच मोजतलंय मा? गेलेल्या पैशावर कोण शेकडो काढता?"

"दलाल कशावर काढतो?"

"इक्रीवर. बोली झाली की शेकडा पाच. आमच्या हय सगळोच शेकडो इक्रीवर." तिने चार बांगडे कागदात गुंडाळले. "बायनू, तुमचो हिशेब बरो आसतलो. पण तेनी माका पाच टक्के जास्त सुटले काय? चारशेचे चारशेच."

रविराज हसला. संचिता हसली नाही.

परत येताना तो म्हणाला, "आमच्या घरी अजून तसंच मोजतात. मलाही सातवीत मार बसला होता त्यावरून. ताळा करायची सवयसुद्धा तशीच. शेवटचा आकडा धरायचा आणि त्यावरून मागे जायचं."

"म्हणजे नऊ हजार आठशे एक आपणहून येतं."

"तीन घरांत येतं. तीस घरांत येईल."

प्रभूंनी सगळे ऐकून घेतले. बांगड्यांचा वास येत होता तरी खिडकी उघडायला सांगितले नाही.

"पटण्यासारखं आहे," ते म्हणाले. "पण मी नोंद काय करू? मासेविक्रेत्या बाईंनी असं सांगितलं?"

"मुलांना बोलवा, सर. वेगवेगळं बसवा. नवे आकडे द्या. ही त्यांची सवय असेल तर ती पुन्हा तशीच चुकतील. तिथे नक्कल करायला कुणी नसेल."

"आणि नक्कल असेल तर?"

"तर वेगळं काहीतरी करतील. कुणी बरोबर सोडवेल, कुणी भलतंच."

प्रभूंनी थोडा विचार केला. "चांगली कसोटी आहे. लिहून द्या. जो मुलगा त्याच पायावर पुन्हा चुकेल त्याची चूक स्वतःची मानावी, त्याला पेपरातल्या गुणांसह मोकळं करावं. न चुकल्यास संशय कायम. असंच म्हणायचंय ना तुम्हाला?"

"असंच."

तिने लिहिले आणि खाली सही केली. रविराजनेही केली. प्रभूंनी ट्रस्टच्या कार्यालयाला फोन करून परवानगी घेतली. मुलांना आणि त्यांच्या शाळेला फक्त आणखी एका छोट्या चाचणीचा निरोप गेला. कारण सांगायचे नाही, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे आले. सिद्धेश, संजना आणि अक्षया कुबल. मधला क्रमांक अक्षयाचा. तिच्याबरोबर आई होती, तुळसा. ती मासळीची टोपली शेजारणीकडे सोपवून आली होती आणि व्हरांड्यातल्या बाकावर अगदी कडेला बसली होती.

"बाई, हॉस्टेलात मासे गावतत काय ओ?" तिने संचिताला विचारले.

"आवशी, गप बस मगो," अक्षया म्हणाली. तिच्या वेण्या करकचून बांधल्या होत्या.

"कित्याक गप बसू? तू थय जातलंस, उपाशी ऱ्हवतलंस. माका इचारूक नको?"

"बुधवारी आणि रविवारी असतात," संचिता म्हणाली. तिला ते माहीत होते. मग वाटले, सांगायला नको होते.

सिद्धेशला मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवले, संजनाला प्रयोगशाळेत, अक्षयाला वाचनालयात. प्रत्येकाला एकाच कागदावर दोन उदाहरणे. एक : सहाशेला घेतले, साडेसातशेला विकले, शेकडा नफा किती? दोन : छापील किंमत पाचशे, विक्री चारशे, शेकडा सूट किती?

बरोबर उत्तरे पंचवीस आणि वीस. विक्रीचा पाया धरला तर वीस आणि पंचवीस. आकडे प्रभूंनीच निवडले होते. पाया बदलला की उत्तरांची अदलाबदल व्हावी, म्हणजे चूक झाकली जायची नाही.

सिद्धेशचा कागद आधी आला. वीस, पंचवीस.

"असं का केलंस?" प्रभूंनी विचारले.

"साडेसातशे इले ना सर. त्यातले दीडशे आपले."

संजनाचेही तेच. वीस, पंचवीस. तिने खाली ताळाही करून दाखवला : साडेसातशेचे वीस टक्के दीडशे. बेरीज-वजाबाकी चोख, पाया चुकीचा.

प्रभूंनी दोघांच्या नावापुढे 'संशय नाही' असे लिहिले आणि संचिताकडे पाहून मान हलवली. "तुमचं बरोबर होतं, मॅडम."

मग प्रभू आणि संचिता वाचनालयात गेले. अक्षया शेवटच्या टेबलाशी होती. तिने पहिल्या उदाहरणाखाली साडेसातशे लिहिले होते. त्याच्यावर दीडशे. दीडशे भागिले साडेसातशे. संचिता तिच्या पाठीमागे उभी राहिली. आता फक्त भागाकार. वीस लिही, ती मनात म्हणत होती. एवढ्या वर्षांत कुठल्याही मुलाने चुकावे म्हणून तिचा जीव असा टांगणीला लागला नव्हता.

अक्षयाने पेन उचलले. साडेसातशेवर आडवी रेघ मारली. त्याच्या जागी सहाशे लिहिले.

पंचवीस.

दुसऱ्यात तिने पहिल्यापासूनच पाचशे खाली घेतले. वीस.

"झाला, सर," ती म्हणाली आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला.

प्रभूंनी तो घेतला. खोडलेल्या आकड्यावर बोट ठेवले.

"अक्षया, हे साडेसातशे खोडून सहाशे का केलेस?"

"शेकडा खरेदीवर काढूचो आसता, सर. म्हणजे, काढायचा असतो. सूट छापील किमतीवर. जी किंमत आधीची, ती खाली घ्यायची."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पेपर झाल्यावर. मी प्रश्नपत्रिका घेऊन आमच्या शाळेतल्या निलेश सरांच्या घरी गेले होते. चार उदाहरणं चुकली होती, माझी मलाच चीड आली. त्यांनी परत शिकवलं." ती थोडी हसली. "हात अजून जुन्याच वाटेन जाता. म्हणान खोडलंय."

"तुझ्याबरोबर आणखी कोण गेलं होतं?"

"कोण नाय. त्या दोघांनी प्रश्नपत्रिकेचं रॉकेट केलं."

प्रभूंनी तिला बाहेर जायला सांगितले.

दार लागल्यावर संचिता म्हणाली, "सर, तिनं शिकून घेतलंय. चूक कळली, सुधारली. खाडाखोड बघा, आधी साडेसातशेच लिहिलं होतं."

"बघितली."

"मग तिची सवय तीच होती ना?"

"किंवा तिला दोन्ही येतं. पेपरात शेजाऱ्यांचं बघून एक लिहिलं, इथे शेजारी नव्हता म्हणून दुसरं."

"चौऱ्यांशीवाली मुलगी साठवाल्याचं बघेल?"

"मला वाटत नाही बघितलं असेल," प्रभू म्हणाले. आवाज नेहमीसारखाच खाली होता. "पण मला काय वाटतं ते नोंदीत लिहिता येत नाही. काल आपण कसोटी ठरवली. दोघांना त्याच कसोटीवर सोडलं. आता तिच्यासाठी वेगळी लावू? उद्या दुसऱ्या केंद्रावरचा पालक विचारेल, आमच्या मुलाला का नाही?"

"निलेश सरांना विचारा. ते सांगतील ती कधी आली होती."

"तिच्याच शाळेचे शिक्षक. नियमात ती साक्ष धरत नाहीत. तरी फोन लावतो."

त्यांनी खरोखरच लावला, आवाज मोठा करून ठेवला. निलेश सर पलीकडून म्हणाले, हो, आली होती, चारही उदाहरणे करून घेतली, हुशार आहे हो मुलगी, काही झालंय का? प्रभू म्हणाले, काही नाही, धन्यवाद. मग ट्रस्टच्या कार्यालयात बोलले. तिकडून उत्तर आले की लेखी ठरलेल्या कसोटीत आता बदल नको, यादी परवा लावायची आहे.

संचिता खुर्चीवर बसली. टेबलावर तिचाच कालचा कागद होता. न चुकल्यास संशय कायम. अक्षर सुबक आले होते. त्या वाक्यात तिने एका शक्यतेचा विचार केला नव्हता : मूल मधल्या काळात शिकेल. आणि ती रोज शाळेत जायची ती त्याच एका कारणासाठी.

"मी माझी सही मागे घेते."

"घ्या," प्रभू म्हणाले. "मग तिघांची कसोटी रद्द होईल. मूळ नियम लागेल आणि तिन्ही उत्तरपत्रिका बाद होतील. वर नक्कल म्हणून शाळेला कळवावं लागेल. त्या दोघांचंही नाव जाईल."

रविराज दारात उभा होता.

संचिताने सही मागे घेतली नाही. प्रभूंनी अक्षयाच्या नावापुढे लिहिले : 'संशय निवारण झाले नाही. नक्कल सिद्ध नाही. निवडीसाठी विचार करू नये.' मधले वाक्य त्यांनी आपणहून घातले होते. पुढच्या वर्षी तिला पुन्हा बसता येईल का, असे संचिताने विचारले.

"प्रवेश फक्त नववीला आहे," ते म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यात सिद्धेश आणि संजना भांडत होते. सिद्धेश म्हणत होता वीस, संजनाही वीसच म्हणत होती, पण दुसरे उदाहरण कोणाचे आधी संपले यावर वाद होता.

"पंचवीस आसा ता," अक्षया त्यांना म्हणाली. "दोघांचा चुकला. तेवा माझ्यावांगडा सरांकडे इला आसतास तर?"

"व्हयतर! मोठी इली मास्तरीण," सिद्धेश म्हणाला.

तुळसा उठून उभी राहिली. "बाई, हेचा कसा झाला?"

यादी लागेपर्यंत काही सांगायचे नाही, हा नियम होता. त्या दिवशी तो संचिताला बराच उपयोगी पडला.

"यादी परवा लागेल," ती म्हणाली.

"ता म्हायत आसा. पण उत्तर बरोबर की चूक, तेवढा तरी सांगा. वाटेत येताना बडबडत होता, आई, ह्या टायमाक चुकूचंय नाय."

अक्षया संचिताकडे बघत होती. पेनाची शाई तिच्या बोटाला लागली होती.

"दोन्ही बरोबर आहेत," संचिता म्हणाली.

"बगलंस?" अक्षया आईला म्हणाली.

"मगे? माका ठावक होता," तुळसा म्हणाली. तिने पदराने मुलीचा घामेजलेला चेहरा पुसला आणि लगेच पिशवी उचलली, कारण शेजारीण टोपली किती वेळ सांभाळणार. फाटकापाशी पोचेपर्यंत अक्षया तिला काहीतरी समजावत होती, हातावर बोट ठेवून, हे आधीचे, हे नंतरचे. तुळसा मान हलवत होती आणि तिचे ऐकत नव्हती.

वाचनालयात गठ्ठा होता तसाच होता. संचिताने पुढची उत्तरपत्रिका ओढली. चौदावा प्रश्न, उत्तर वीस. तिने लाल पेन उचलले, त्याखाली 'कशावर?' लिहिण्यासाठी टेकवले, आणि नुसते शून्य देऊन पान उलटले.